आचाऱ्यांचा सत्कार: बैठकीच्या पडद्यावरची देवनागरी

ऑनलाइन बैठकीत मराठी मजकूर तीन ठिकाणी दिसतो. सदस्य चॅटमध्ये टंकतात तो एक, बोलणे चालू असताना खाली सरकणाऱ्या मथळ्यांतला दुसरा, आणि रेकॉर्डिंग करणारा चित्रावर कायमचा चिकटवतो तो तिसरा. तिन्ही ठिकाणी अक्षरे बिघडली की आपण सरसकट ‘फाँट नाही’ म्हणतो. हे निदान बहुतेक वेळा चूक असते. त्यावरचा उपायही मग चुकतो आणि धडधाकट मजकुराची मोडतोड होते.

कोणते बिघाड कुठे होतात हे पाहण्यासाठी एकच वाक्य तिन्ही ठिकाणांहून फिरवून आणू. एखाद्या मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमाची बैठक आहे आणि चॅटमध्ये प्रश्न आला आहे: ‘आचाऱ्यांचा सत्कार किती वाजता?’ कार्यक्रमाचा स्वयंपाक करणाऱ्यांना नारळ-शाल द्यायची आहे. हाच प्रश्न सूत्रसंचालकाला पडद्यावर मोठ्या अक्षरांत दाखवायचा आहे आणि तो रेकॉर्डिंगमध्येही यायला हवा. वाक्य साधे आहे, पण देवनागरी जिथे जिथे अडखळू शकते त्या बहुतेक जागा त्यात आहेत: रफार न होता आडवा राहणारा र, त्याच अक्षरावरचा अनुस्वार, ‘त्क’चे जोडाक्षर आणि ‘कि’तली व्यंजनाआधी दिसणारी वेलांटी.

साठवलेले अक्षर आणि दिसणारे अक्षर

संगणक ‘आचाऱ्यांचा’ हा शब्द चित्र म्हणून साठवत नाही. तो युनिकोडच्या दहा संकेतांची माळ साठवतो: आ, च, काना, ऱ, हलन्त, य, काना, अनुस्वार, च, काना. क्रम उच्चाराचा असतो, दिसण्याचा नव्हे. म्हणून ‘कि’मध्ये आधी क साठवला जातो आणि मग वेलांटी, जरी डोळ्याला वेलांटी आधी दिसत असली तरी. ही माळ वाचून वेलांटी डावीकडे नेणे, अर्धी अक्षरे जोडणे, रफार उचलून डोक्यावर ठेवणे हे काम अक्षर दाखवणारा प्रोग्राम फाँटमधल्या नियमांच्या मदतीने करतो. या कामाला आपण येथे ‘जोडणी’ म्हणू. मुक्त स्रोतांच्या जगात ते बहुधा हार्फबझ नावाची संगणक-लायब्ररी करते. क्रोम, फायरफॉक्स आणि अँड्रॉइड तिच्यावरच चालतात.

यातून विवेचनाचा मुख्य भेद मिळतो. माळ चुकीची असेल तर दोष टंकनाचा किंवा वाहतुकीचा. माळ बरोबर आणि चित्र चुकीचे असेल तर दोष जोडणीचा, फाँटचा किंवा मांडणीचा. पहिल्या प्रकारात मजकूर दुरुस्त करायचा असतो, दुसऱ्या प्रकारात त्याला हातसुद्धा लावायचा नसतो.

माळ पाहणे अवघड नाही. ब्राउझरमध्ये एफ-१२ दाबून कन्सोल उघडावा आणि शंकास्पद शब्द चॅटमधून उचलून असा टाकावा:

```
[..."आचाऱ्यांचा"].map(c => c.codePointAt(0).toString(16))
```

उत्तर `906, 91a, 93e, 931, 94d, 92f, 93e, 902, 91a, 93e` असे आले की माळ निर्दोष आहे. पुढे पडद्यावर काहीही विचित्र दिसले तरी टंकणाऱ्याला दोष देऊ नये.

चॅट: आडवा र कसा हरवतो

आता त्यातला चौथा संकेत पाहू, `931`, म्हणजे ऱ. मराठीत ‘र्’ला य किंवा ह जोडताना दोन रूपे होतात आणि अर्थ बदलतो. ‘आचार्यांचा’ सत्कार म्हणजे गुरुजनांचा, ‘आचाऱ्यांचा’ म्हणजे स्वयंपाक्यांचा. दर्या आणि दऱ्या ही जोडीही अशीच. साधा र, हलन्त आणि य असे टंकले की नियमाप्रमाणे रफार होतो. आडवा र हवा असेल तर युनिकोडने दोन वाटा दिल्या आहेत. पहिली: र ऐवजी ऱ (`U+0931`), मग हलन्त, मग य. दुसरी: साधा र, हलन्त, त्यानंतर `U+200D` हे अदृश्य जोडचिन्ह, मग य. ही दुसरी वाट युनिकोडच्या जुन्या आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून ठेवलेली आहे. दोन्हींचे चित्र सारखेच दिसते.

दिसायला सारख्या असल्या तरी बैठकीच्या चॅटमध्ये त्या सारख्या टिकत नाहीत. अदृश्य चिन्हे फसवणुकीसाठीही वापरता येतात, त्यामुळे मजकूर ‘स्वच्छ’ करणाऱ्या अनेक यंत्रणा ती गाळून टाकतात. जोडचिन्ह गळाले की उरते र, हलन्त, य, आणि पडद्यावर निमूटपणे रफार चढतो. चौकोन नाही, प्रश्नचिन्ह नाही, स्वयंपाक्यांचे फक्त आचार्य होतात. बाकीच्या चुका निदान आरडाओरडा करतात. ही मात्र शुद्धलेखनाची चूक म्हणून टंकणाऱ्याच्या माथी बसते, म्हणून मी तिला सर्वांत वाईट मानतो. शिवाय एका वाटेने टंकलेला शब्द दुसऱ्या वाटेने टंकून शोधला तर साध्या शोधात सापडत नाही. बैठकीनंतर चॅटच्या फाइलमध्ये ‘आचाऱ्यांचा’ शोधला आणि मिळाला नाही, तर कारण बहुधा हेच असते.

तेव्हा ऱ वापरणे श्रेयस्कर. इनस्क्रिप्ट कळफलकावर र हा `j`वर आणि ऱ शिफ्टसह `J`वर आहे. पूर्ण शब्दाच्या कळा अशा:

```
E ; e J d / e x ; e
```

दहा संकेत, दहा कळा. उच्चारानुसार रोमन अक्षरे टाकून मराठी घेणाऱ्यांना कोणती वाट मिळते हे त्यांच्या साधनावर अवलंबून असते. वरच्या कन्सोलमध्ये एकदा शब्द टाकून पाहावा, `200d` दिसले तर सावध राहावे. अशा साधनांची चॅटमध्ये आणखी एक खोड असते. पर्याय निवडण्यासाठी दाबलेली एंटरची कळ काही चॅटखिडक्या ‘पाठवा’ असे समजतात आणि अर्धवट शब्द निघून जातो. पर्याय स्पेस दाबून निवडावा, नाहीतर इनस्क्रिप्ट शिकावे, कारण तिथे निवडायला पर्यायच नसतात.

चॅटमध्ये रोमन अक्षरांचा गोळा दिसला, उदाहरणार्थ ‘मराठी’च्या जागी `ejkBh`, तर तो मजकूर कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमधून चिकटवलेला आहे. त्यात देवनागरीचा एकही संकेत नाही, फक्त रोमन अक्षरांवर देवनागरीचा मुखवटा आहे. तो रूपांतरकातून युनिकोडमध्ये आणावाच लागतो, दुसरा मार्ग नाही.

मथळे: कापायचे कुठे

थेट मथळे माणूस टंकत असो की आवाज ओळखणारी यंत्रणा देत असो, मजकूर तुकड्या-तुकड्यांनी येतो आणि ठरावीक रुंदीच्या ओळीत बसवावा लागतो. इथे प्रश्न येतो मोजणीचा. ‘आचाऱ्यांचा’ हा शब्द आपण वाचताना चार अक्षरांचा: आ, चा, ऱ्यां, चा. संकेत दहा. यूटीएफ-८ पद्धतीने साठवला तर देवनागरीचा प्रत्येक संकेत तीन बाइट घेतो, म्हणजे तीस बाइट. मथळ्याचा प्रोग्राम यांपैकी काय मोजतो त्यावर शब्द कुठे तुटेल हे ठरते.

समजा ओळीची मर्यादा संकेतांत मोजली आणि काप सातव्या संकेतानंतर पडला. वरच्या ओळीत ‘आचाऱ्या’ राहील आणि खालची ओळ अनुस्वाराने सुरू होईल. अनुस्वाराला बसायला अक्षर नसल्यामुळे जोडणी करणारा प्रोग्राम तिथे ठिपक्यांचे वर्तुळ काढतो: ◌ंचा. काप चौथ्यानंतर पडला तर खालची ओळ हलन्ताने सुरू होईल आणि वर्तुळ पुन्हा दिसेल. पाचव्यानंतर पडला तर वर्तुळ नाही, पण वर लोंबकळणारा हलन्त आणि खाली सुटा ‘यांचा’. काप बाइट मोजून पडला, समजा वीस बाइटांवर, तर सहा संकेत पूर्ण होतात आणि सातव्या संकेताचे दोनच बाइट येतात. त्या जागी काळ्या चौकटीतले प्रश्नचिन्ह (�) उमटते. ठिपक्यांचे वर्तुळ दिसले तर काप संकेतांमध्ये पडला आहे आणि � दिसले तर एका संकेताच्या पोटात, हे इतक्यावरून ओळखता येते. अक्षर एकेक करून ‘टंकत’ आणणारी मथळ्यांची नक्षी मराठीत भयाण दिसते ती याचमुळे. ती बंद करावी.

हे ‘वाचकाचे अक्षर’ संगणकाने कसे ओळखायचे याचे नियमही युनिकोडमध्ये आहेत. पण २०२३ सालच्या १५.१ आवृत्तीपर्यंत त्या नियमांत जोडाक्षर अखंड मानले जात नव्हते. आपला शब्द त्या हिशेबाने पाच तुकड्यांचा होता, ऱ् वेगळा आणि यां वेगळा. नव्या नियमाने ऱ्यां एकत्र राहते. जुन्या लायब्ररीवर बांधलेले मथळ्यांचे प्रोग्राम अजून जुनीच मोजणी करतात. म्हणून खात्रीचा उपाय साधा आहे: मराठी मथळा फक्त शब्दांमधल्या मोकळ्या जागी तोडावा, आणि शब्द मावत नसेल तर ओळ अपुरी सोडावी. आपोआप तोडणारे साधन हे ऐकत नसेल, तर ओळींची लांबी इतकी कमी ठेवून मजकूर पाठवावा की त्याच्यावर तोडायची वेळच येऊ नये.

बैठक संपल्यावर मथळे फाइलमध्ये येतात, तेव्हा वाहतुकीचा दुसरा दोष भेटतो. `.vtt` फाइल यूटीएफ-८मध्येच असावी असा तिचा नियम आहे. `.srt`ला मात्र असा कोणताही जाहीर नियम नाही, उघडणारा प्रोग्राम अंदाज बांधतो. अंदाज चुकला की सगळीकडे `à¤` आणि `à¥` यांची रांग दिसते. घाबरण्याचे कारण नाही. देवनागरीचा प्रत्येक संकेत यूटीएफ-८मध्ये E0 A4 किंवा E0 A5 या बाइटांनी सुरू होतो, आणि पश्चिम युरोपीय तक्त्यात त्यांचीच ती चिन्हे आहेत. म्हणजे बाइट शाबूत आहेत, चष्मा चुकीचा आहे. फाइल यूटीएफ-८ म्हणून उघडली की मराठी परत येते. पण सगळीकडे साधी `????` दिसत असतील तर कोणीतरी ती फाइल देवनागरी नसलेल्या तक्त्यात जतन केली आहे आणि मूळ संकेत नष्ट झाले आहेत. तिथे दुरुस्ती नाही, मूळ फाइलच शोधावी लागते.

रेकॉर्डरवरचा मजकूर

सर्वांत जास्त घोळ इथे होतो, आणि तो जवळजवळ नेहमी जोडणीचा असतो. चॅट ब्राउझरमध्ये किंवा ऑपरेटिंग सिस्टिमच्या अक्षरयंत्रणेवर चालते, तिथे जोडणी फुकट मिळते. रेकॉर्डर मात्र अक्षरे स्वतः चित्रात रंगवतो आणि प्रत्येक रेकॉर्डरला ते काम येतेच असे नाही.

ओबीएस स्टुडिओ हे अनेक मंडळे वापरतात ते मोफत साधन घेऊ. विंडोजवर त्यात मजकुरासाठी `Text (GDI+)` हा स्रोत असतो. तो विंडोजची यंत्रणा वापरतो आणि मराठी नीट जोडतो. मॅक आणि लिनक्सवर `Text (FreeType 2)` मिळतो. फ्रीटाइप ही लायब्ररी एका संकेताचे एक चित्र काढण्यात तरबेज आहे, पण संकेत एकमेकांत मिसळणे हे तिचे काम नव्हे, आणि हा स्रोत ते काम दुसऱ्या कोणाकडून करूनही घेत नाही. आपले वाक्य त्यात टाकले तर ‘ऱ’ खाली टिंब घेऊन उभा राहतो, त्याच्या पायाशी हलन्त, मग सुटा य. ‘सत्कार’मधला त पूर्ण राहून हलन्त दाखवतो. आणि ‘किती’तली वेलांटी क सोडून त्याच्या उजवीकडे, म्हणजे त च्या डोक्यावर जाऊन बसते. हे शेवटचे लक्षण सर्वांत खात्रीचे आहे: वेलांटी चुकीच्या बाजूला दिसली की जोडणी होतच नाही, फाँट कितीही बदलले तरी फरक पडणार नाही.

नेमक्या याच क्षणी लोक जुगाड करतात. वेलांटी आधी टंकून मग क टंकतात, म्हणजे चित्र बरोबर दिसते. जोडाक्षर फोडून ‘सतकार’ लिहितात. त्या पडद्यापुरते काम भागते, पण तोच मजकूर कोणी उचलून मथळ्यांच्या फाइलमध्ये किंवा चॅटमध्ये टाकला की तिथे, जिथे जोडणी नीट होते तिथे, ठिपक्यांची वर्तुळे किंवा चुकीचे शब्द उमटतात. दुबळ्या पडद्याची सोय म्हणून मजकूर बिघडवणे हे पूर्णपणे वर्ज्य मानले पाहिजे.

योग्य उपाय स्रोत बदलण्याचा आहे. ओबीएसमध्येच `Browser` नावाचा स्रोत आहे. त्याच्या पोटात क्रोमियम असल्यामुळे हार्फबझही आहे. पुढील छोटी फाइल यूटीएफ-८मध्ये जतन करून त्या स्रोतात स्थानिक फाइल म्हणून द्यावी:

```html
<meta charset="utf-8">
<div lang="mr" style="font: 48px/1.6 'Noto Sans Devanagari';
  letter-spacing: 0; color: #fff; background: #000; padding: 12px">
आचाऱ्यांचा सत्कार किती वाजता?
</div>
```

यातला एकेक शब्द कारणाने आला आहे. पहिली ओळ नसेल तर मघाची `à¤`ची रांग इथेही येऊ शकते. `lang="mr"` मुळे ज्या फाँटमध्ये मराठी रूपांची सोय आहे तो ल आणि श मराठी वळणाचे दाखवतो. पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श ही रूपे महाराष्ट्र शासनाने २००९च्या निर्णयात प्रमाण मानली आहेत, आणि भाषा न सांगितल्यास बरेच फाँट हिंदी वळण देतात. `letter-spacing` शून्य ठेवायचे कारण, अक्षरांत अंतर घातले की शिरोरेषा तुटते. इंग्रजी मथळ्यांत छान दिसणारी ती विरळ अक्षरे मराठीत नकोत. अक्षरांना बाह्यरेषा देण्याऐवजी काळी पार्श्वभूमी दिली आहे, कारण बाह्यरेषा प्रत्येक अक्षराभोवती वेगळी निघते आणि शिरोरेषेवर जोडाजोडांत चिरा दिसतात.

१.६ हा आकडा ओळीच्या उंचीचा. ४८ पिक्सेलच्या अक्षराला सुमारे ७७ पिक्सेलची जागा. रोमन अक्षरांच्या मापाने बेतलेल्या पट्टीत मराठी बसवली तर वरची मात्रा आणि अनुस्वार कापले जातात, खालचा उकार दुसऱ्या ओळीत घुसतो. अनुस्वार गेला की ‘आचाऱ्यांचा’ सत्कार ‘आचाऱ्याचा’ होतो, अनेकांचा एकाच माणसाचा. वक्त्याच्या परिचयपट्टीत ‘त्यांचा’चे ‘त्याचा’ झाले तर ते आदरार्थी बोलणे राहत नाही, आणि प्रेक्षकांत नेमके तेच कोणाच्या तरी नजरेत भरते. लहान अक्षरांत हाच अपघात चित्र आकुंचित करताना होतो. बहुतेक व्हिडिओ रंगांची माहिती उभ्या-आडव्या दोन्ही दिशांनी अर्ध्या बारकाव्याने साठवतात, म्हणून निळ्यावर लाल अनुस्वार विरघळतो. काळ्यावर पांढरा टिकतो, कारण उजेड-अंधाराचा बारकावा पूर्ण ठेवलेला असतो.

रेकॉर्डिंग झाल्यावर मथळे चढवायचे असतील तर एफएफएमपेग हे साधन वापरतात. त्यातली `drawtext` ही गाळणी ६.१ आवृत्तीपूर्वी हार्फबझशिवाय चालत असे. जुन्या संगणकांवरच्या आवृत्त्यांत तिच्यावर मराठी सोपवू नये. `subtitles` ही गाळणी मात्र लिबअॅस वापरते आणि हार्फबझसह बांधलेली असेल तर नीट जोडते:

```
ffmpeg -i baithak.mp4 -vf "subtitles=baithak.srt:force_style='FontName=Noto Sans Devanagari'" -c:a copy tayar.mp4
```

काम चालू असताना खिडकीत `fontselect` या शब्दाची ओळ येते. मागितलेला फाँट मिळाला की दुसराच कोणता घेतला हे तिथे लिहिलेले असते. अक्षरांऐवजी रिकामे चौकोन उमटले तर ती ओळ वाचावी, कारण ‘फाँट नाही’ हे निदान खरे असते ते याच लक्षणाला.

चित्रात रंगवलेला मजकूर नंतर काढता येत नाही. वेगळ्या `.vtt` फाइलमधला एका मिनिटात सुधारता येतो, शोधता येतो आणि अंध श्रोत्याला वाचक-यंत्राकडून ऐकता येतो. म्हणून परिचयपट्टीसारखे दोन-चार शब्दच चित्रात रंगवावेत आणि भाषणाचे मथळे फाइलमध्ये ठेवावेत. कार्यक्रमाआधी ‘आचाऱ्यांचा सत्कार किती वाजता?’ हे वाक्य चॅटमध्ये, मथळ्यांत आणि पट्टीवर टाकून दहा सेकंद रेकॉर्डिंग करा, आणि ते चालू खिडकीत न पाहता तयार झालेली फाइल उघडून पाहा.